रात्रपाळीचं रिजेक्शन कागदावर शून्य आणि कम्प्लेंट मात्र रात्रीच्याच मालाची

भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीचं काम बघतो. एक तक्रार वारंवार कानावर येते. तिसऱ्या पाळीचं रिजेक्शन महिनोन्‌महिने शून्याच्या आसपास असतं. मग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर शाफ्टवर बेअरिंग सैल बसतं, लॉट परत येतो, आणि पीसवरच्या तारखेवरून माल तिसऱ्या पाळीचाच निघतो. मॅनेजर पाळीतल्या सगळ्यांना उभं करून विचारतो, सगळे जमिनीकडे बघतात. एकाला मेमो जातो आणि शेवटच्या टेबलावर एक इन्स्पेक्टर वाढतो. दोनेक महिन्यांनी तोच प्रकार दुसऱ्या मशीनवर होतो.

इन्स्पेक्टर वाढवून हे सुटत नाही. पीस बाद झालाय हे बहुतेक वेळा ऑपरेटरला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं. मायक्रोमीटर त्याच्या हातात असतो. बिघाड आहे तो त्याच्या हातापासून मॅनेजरच्या कानापर्यंतच्या रस्त्यात. ‘चूक सांगितली तर आपलं काही वाईट होणार नाही’ हा भरवसा, ज्याला मानसिक सुरक्षितता म्हणतात, तो त्या रस्त्यात कुठेतरी तुटलेला असतो.

आधी खात्री करून घ्या

रात्री खरोखरच चांगलं काम होत असेल, अशीही शक्यता आहे. म्हणून आधी तीन गोष्टी बघा.

पहिली गोष्ट चेकशीट. समजा २५ मिमीचा बेअरिंग सीट आहे आणि मर्यादा २४.९८० ते २५.००० आहे. माल कापणारी टिप झिजत जाते तसा व्यास हळूहळू वाढतो. मग ऑपरेटर वेअर ऑफसेट, म्हणजे टिपेची झीज भरून काढायला मशीनला दिलेला फरक, उणे करून व्यास खाली आणतो. पुन्हा वाढतो, पुन्हा खाली येतो. म्हणजे दर तासाची मापं ओळीने मांडली तर करवतीचे दात दिसायला हवेत. त्याऐवजी आठही तासांचं माप २४.९९०, २४.९९१, २४.९९० असं सपाट असेल, अक्षर एका बैठकीतलं असेल, आणि त्याच पाळीत स्टोअरमधून दोन टिपा गेल्याची नोंद असेल, तर ते कागद पाळी संपताना भरलेले आहेत.

दुसरी गोष्ट नगांचा हिशोब. मशीनला दिलेल्या फोर्जिंगमधून चांगले पीस, नोंदलेलं रिजेक्शन आणि शिल्लक वजा करा. ४८० दिले, ४५५ चांगले, ९ रिजेक्शन, शिल्लक काही नाही, तर १६ पीस कुठे गेले? चिपच्या ट्रॉलीत तळाशी, मशीनच्या मागे, नाहीतर चांगल्या मालात मिसळून. यातला शेवटचा प्रकार सगळ्यात महाग पडतो, कारण तो तुमच्या गेटबाहेर जातो.

तिसरी गोष्ट सोपी आहे. गेल्या सहा महिन्यांतल्या मोठ्या चुका आठवा आणि प्रत्येकीसमोर लिहा की तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितलं. यादीत ग्राहक, फायनल इन्स्पेक्शन आणि ‘अचानक दिसलं’ एवढंच असेल आणि चूक करणाऱ्याचं नाव एकदाही नसेल, तर निदान पक्कं झालं.

हे सगळं स्वतःपुरतं ठेवा. सपाट चेकशीट घेऊन ऑपरेटरला पकडायला गेलात, तर पुढच्या आठवड्यापासून तो करवतीचे दात काढून मापं भरेल, आणि तुमच्या हातातलं निदानाचं साधनही जाईल.

ऑपरेटरच्या जागेवरून हिशोब मांडा

लोक चूक का लपवतात याचं उत्तर ‘वृत्ती’ असं दिलं जातं. ते मला पटत नाही. तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरच्या जागी उभं राहून हिशोब केला की लपवणं हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा निर्णय दिसतो.

चौदा पीस बाद झाले असं त्याने सांगितलं, तर सुपरवायझरचा पहिला प्रश्न असतो, “कोणी केलं?” सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव निघतं. पाळीचा शून्य रिजेक्शनचा इन्सेंटिव्ह जातो, आणि तो एकट्याचा जात नाही, सगळ्या पाळीचा जातो, म्हणून सोबतचेही रागावतात. माणूस ठेकेदाराचा असेल तर भीती आणखी मोठी असते. मॅनेजर त्याला काहीच बोलत नाही, पण चार दिवसांनी ठेकेदार सांगतो की उद्यापासून येऊ नको. गेट बंद. हे एकदा एकाच्या बाबतीत झालं की पुढची दोन वर्षं सगळ्यांच्या लक्षात राहतं.

न सांगितलं तर? पीस ट्रॉलीत गेले की बहुधा काहीच होत नाही. पकडला गेलाच तर जी शिक्षा सांगून मिळणार होती, तीच मिळते. म्हणजे सांगितलं तर नुकसान नक्की, लपवलं तर नुकसान कदाचित. हा हिशोब उलटा होत नाही तोवर पोस्टर, सूचनापेटी आणि “माझ्या केबिनचा दरवाजा सगळ्यांना उघडा आहे” हे भाषण यांचा उपयोग नाही. रात्री अडीच वाजता तो दरवाजा बंदच असतो.

सुपरवायझरचाही असाच हिशोब असतो, हे बऱ्याचदा सुटून जातं. त्याला नगांचा आकडा द्यायचा असतो. ऑपरेटरने सांगितलं आणि सुपरवायझरनेच “राहू दे, बघतो मी” म्हणून दाबलं, असंही होतं. त्यामुळे रस्ता नेमका कुठे तुटलाय, ऑपरेटर ते सुपरवायझर की सुपरवायझर ते मॅनेजर, हे वेगवेगळं तपासावं लागतं.

बोलण्याआधी तीन गोष्टी जमवून घ्या

टीमला काही सांगायच्या आधी मॅनेजरने स्वतःच्या पातळीवर काही काम उरकायचं असतं. ते न करता “घाबरू नका, बोला” म्हटलं आणि पहिल्याच बोलणाऱ्याला एचआरचा मेमो आला, तर वर्षभर पुन्हा तोंड उघडता येणार नाही.

एचआरशी बोलून ठरवा की त्याच पाळीत स्वतःहून सांगितलेल्या चुकीवर मेमो निघणार नाही आणि पीसची किंमत पगारातून कापली जाणार नाही. ठेकेदाराकडून कबूल करून घ्या की तुमच्या सहीशिवाय तुमच्या मशीनवरचा माणूस बदलला जाणार नाही. आणि शून्य रिजेक्शनचा इन्सेंटिव्ह बंद करा किंवा तो चांगल्या नगांवर न्या. हे तिसरं काम मालकाला पटवणं सगळ्यात जड जातं, पण तो इन्सेंटिव्ह चालू आहे तोवर तुम्ही लपवण्यासाठीच पैसे मोजताय.

मग नियम सांगा. तो इतका छोटा असावा की पाळी बदलताना उभ्या उभ्या सांगता येईल: त्याच पाळीत सांगितलं, तर कारवाई नाही. अमुक तारखेच्या आधीचं काही असेल आणि त्या आठवड्यात सांगितलं, तर त्याच्यावरही कारवाई नाही. दारू पिऊन मशीन चालवणं, सेफ्टी इंटरलॉक बायपास करणं आणि जाणूनबुजून बाद पीस चांगल्या मालात टाकणं यांना ही सूट लागू नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘काहीही करा, माफ आहे’ असं कोणी म्हटलं तर अनुभवी ऑपरेटरचा त्यावर विश्वास बसत नाही, आणि बसू नये. विमान वाहतुकीत हीच रचना जुनी आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा वैमानिक आणि विमान नियंत्रकांकडून स्वतःच्या चुकांचे गोपनीय अहवाल घेते. दहा दिवसांत अहवाल दिला आणि चूक हेतुपुरस्सर नसेल, तर नियामक संस्था त्या नियमभंगाबद्दल दंड लावत नाही. गुन्हा किंवा अपघात असेल तर ती सवलत नाही. अहवाल घेणारी संस्था आणि शिक्षा करणारी संस्था तिथे वेगळ्या ठेवल्या आहेत. छोट्या कारखान्यात एवढं जमत नाही, पण मुदत आणि अपवाद स्पष्ट ठेवणं नक्की जमतं.

रात्री २:४० चा फोन

सगळा खेळ इथे ठरतो. एका शॉपमध्ये घडलेलं उदाहरण घेतो, कारण ते तपशिलात बघण्यासारखं आहे.

नियम सांगून तीनेक आठवडे झाले होते आणि एकही फोन आला नव्हता. मग एका रात्री ऑपरेटरने सुपरवायझरला हाक मारली. १:५० ला टिप बदलली होती. जुनी टिप झिजत आली होती म्हणून वेअर ऑफसेट उणे ०.०३० पर्यंत नेलेला होता. नवी टिप लावल्यावर तो शून्य करायचा राहिला. नवी टिप आणि जुना ऑफसेट, त्यामुळे व्यास जेवढा यायचा त्यापेक्षा ०.०३० ने कमी आला: २४.९६२. साडेतीन मिनिटांचा सायकल टाइम, पन्नास मिनिटं, चौदा पीस. माल जास्त कापला गेला होता, त्यामुळे रिवर्कही शक्य नव्हतं.

सुपरवायझरने मॅनेजरला फोन लावला. मॅनेजरने त्याला फोन ऑपरेटरकडे द्यायला सांगितलं. ते बोलणं साधारण असं झालं.

“साहेब, चौदा पीस गेले. ऑफसेट राहिला.”

“बरं झालं लगेच सांगितलंस. मशीन थांबलंय ना?”

“हो साहेब.”

“शेवटचा चांगला पीस कुठला, माहितीये? तिथून पुढचे सगळे लाल क्रेटमध्ये घे. पुढच्या मशीनला काही गेलेत का?”

“दोन गेलेत. आणतो परत.”

“आण. सुपरवायझर तुझ्याबरोबर मोजतील. ऑफसेट शून्य करून पहिला पीस बघून चालू कर. बाकी सकाळी बोलू. आणि हे बघ, तुला मेमो येणार नाही, हे मी सुपरवायझरांनाही सांगतो.”

प्रश्नांचा क्रम बघा. आधी मशीन, मग माल, मग पुढे गेलेले पीस. ‘कोणी’ आणि ‘का’ हे दोन्ही प्रश्न रात्री नाहीत. ‘का’ हा प्रश्न चांगलाच आहे, पण अडीच वाजता, घाम फुटलेल्या माणसाला विचारलेला ‘का’ आरोपासारखाच ऐकू येतो, आणि उत्तरात फक्त सबब मिळते. पुढच्या मशीनला गेलेले दोन पीस त्याने आपणहून सांगितले, ते पहिल्या वाक्याला आरडाओरडा झाला नाही म्हणून.

‘बरं झालं सांगितलंस’ हे मनापासून म्हणता येत नसेल तर म्हणू नका. आवाजातली चीड फोनवर लपत नाही. अशा वेळी सरळ “मशीन थांबलंय ना?” पासून सुरुवात करा. तेवढंही पुरतं.

सकाळी काय करायचं

ऑपरेटर रात्रपाळी करून थकलेला असतो. त्याला सकाळी अडवून बसवू नका. त्याच दिवशी दुपारी किंवा पुढच्या पाळीच्या सुरुवातीला, मशीनजवळच, पंधरा मिनिटं. केबिनमध्ये बोलावलं की बाकीचे वेगळाच अर्थ काढतात.

इथे प्रश्न असा विचारा: “दुसरा कोणी तुझ्या जागी असता तर त्याचंही हे राहिलं असतं का?” त्या दिवशी उत्तर आलं, “साहेब, राहिलंच असतं. मागच्या महिन्यात दोघांचं राहिलं होतं.” तीन आठवड्यांत मिळालेली ही सगळ्यात मोलाची माहिती होती. म्हणजे हीच चूक आधी दोनदा झाली होती, आणि त्या दोन्ही वेळचे पीस कुठे गेले हा प्रश्न मॅनेजरने तिथे विचारला नाही. ते बरोबर केलं. नंतर क्वालिटीने शिल्लक स्टॉक शांतपणे तपासला.

पुढे आणखी कळलं. रात्री एका ऑपरेटरकडे दोन मशीन असतात. एकावर टिप बदलताना दुसऱ्याचा पीस संपतो, तो तिकडे धावतो, परत येतो तेव्हा टिप लावलेली दिसते आणि तो सायकल स्टार्ट करतो. ऑफसेटचा टप्पा मधल्या मध्ये गळतो. माणसाला ‘लक्ष देऊन काम कर’ सांगून हे थांबणार नव्हतं.

उपाय छोटे होते. टिप बदलायची असेल तर दुसऱ्या मशीनवर नवा पीस लावायचा नाही, तेवढी पाच मिनिटं ते थांबलेलं चालेल. टिप बदलली की वेअर ऑफसेट शून्य, मग अधिक ०.१०० देऊन पहिला कट, माप, आणि त्या मापावरून ऑफसेट कमी करत मर्यादेत आणायचं. यात चूक झाली तरी व्यास मोठा राहतो, पीस वाचतो. स्टोअरमधून नवी टिप घेताना जुनी टिप आणि पहिल्या पीसचं माप लिहिलेली चिठ्ठी द्यायची. हे तीनही ऑपरेटरच्या बोलण्यातून निघालं, आणि पाळीच्या मीटिंगमध्ये ‘रात्रीच्या टीमने सुचवलेला बदल’ म्हणून सांगितलं. चौदा पीस कोणाचे, हे नाव घेतलं नाही. तसंही सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांचं लक्ष होतं ते त्या माणसाचं पुढे काय होतं याकडे. महिन्याने तो त्याच मशीनवर होता, आणि इतरांनी त्यातून घ्यायचं ते घेतलं.

आता रिजेक्शन वाढेल

उपाय लागू पडायला लागला की कागदावरचं रिजेक्शन चढतं. दीड-दोन महिने चढतच राहतं. इथे बहुतेक प्रयत्न मरतात, कारण वरचे साहेब आलेख बघून विचारतात, “काय चाललंय तुमच्या शॉपमध्ये?” मॅनेजर घाबरतो, रात्री सुपरवायझरवर चिडतो, आणि आकडा पुन्हा सुंदर दिसायला लागतो.

१९९०च्या दशकात हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. ज्या वॉर्डांत टीम चांगली, प्रमुख परिचारिकेशी मोकळं बोलता येणारी, तिथे नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. अपेक्षा उलटी होती. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, त्या बोलल्या जात होत्या, असा अर्थ पुढे लागला.

म्हणून सुरुवात करायच्या आधीच वरच्यांना सांगून ठेवा, आणि एक आकडा न दाखवता दोन दाखवा: शॉपमध्ये पकडलेले पीस आणि ग्राहकाकडे सापडलेले पीस. पहिला चढताना दुसरा उतरायला हवा. त्याच्या शेजारी नगांच्या हिशोबातली तूट लिहा. वर सांगितलेले ते १६ बेपत्ता पीस आता लाल क्रेटमध्ये मोजून मिळत असतील, तर नुकसान वाढलेलं नाही, दिसायला लागलंय. पहिला आकडा चढतोय आणि दुसराही चढतोय, तर मात्र प्रक्रियाच बिघडली आहे. तेव्हा मानसिक सुरक्षिततेच्या नावाखाली वेळ काढू नका, सेटिंग आणि टूल बघा.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतं ते कम्प्लेंटच्या दिवशी. ग्राहकाच्या प्लांटला माणसं पाठवून हजारो पीस निवडायला लावावे लागतात, मालकाचे फोन येतात, आणि मॅनेजरचा तोल सुटतो. सुटला तर त्याच पाळीला, ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्याचसमोर, दुसऱ्या दिवशी सांगा की काल आवाज चढला ते चुकलं आणि नियम तोच आहे. खाजगीत मागितलेली माफी इथे चालत नाही, कारण ज्यांनी आरडाओरडा ऐकला त्यांना ती ऐकू येत नाही.

दुसरी जागा म्हणजे त्याच माणसाची तीच चूक तिसऱ्यांदा. इथे पुष्कळ मॅनेजर गोंधळतात की आता कारवाई करायची की नाही. तो स्वतःहून सांगत असेल तर मेमो नको. ट्रेनिंग कमी पडतंय, डोळ्यांचा त्रास आहे, की ते मशीन त्याला झेपत नाही, हे बघा आणि गरज असेल तर काम बदला. काम बदलताना आधी त्याच्याशी बोला, त्याचा पगार घटू देऊ नका, आणि बाकीच्यांना कारण कळू द्या, नाहीतर ती शिक्षाच समजली जाईल.

लागू पडतंय हे कसं ओळखायचं

चूक झाल्यापासून तुम्हाला कळेपर्यंतचा वेळ लिहीत जा. आधी तो आठवड्यांत असतो, मग पाळीत, मग मिनिटांत येतो. चेकशीटवर करवतीचे दात दिसायला लागतात आणि मधूनच मर्यादेबाहेरचं एखादं माप लिहिलेलं सापडतं. ते सापडलं की त्याच्याबद्दल ओरडू नका, पुढे काय केलं एवढंच विचारा. आणि चूक होण्याआधीचं बोलणं कानावर येतं: “साहेब, टरेटचा आवाज वेगळा येतोय”, “या लॉटची फोर्जिंग कडक लागतेय”.

दोन महिने झाले आणि अजून एकही फोन नाही, तर ऑपरेटरला दोष देण्याआधी सुपरवायझरला एकट्याला भेटा. त्याला विचारा की रात्री मशीन अर्धा तास थांबलं तर सकाळी त्याला काय ऐकावं लागतं. नगांच्या कमतरतेवरून त्याची अजूनही हजेरी घेतली जात असेल, तर आधी ते बंद करा आणि थांबलेल्या वेळेसाठी पाळीच्या टार्गेटमधून सूट द्या. मग पुन्हा महिनाभर वाट बघा.